बोटांना न कळणारी वेळ: मधुमेह आणि अल्पदृष्टी असलेल्या एका गायन शिक्षिकेचे घड्याळ

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत. घड्याळांबद्दलचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

बाईंचे वय ५८. घरीच गायनाचे वर्ग घेतात, प्रत्येक वर्ग पाऊण तासाचा. मधुमेह बरीच वर्षे आहे आणि त्याचा परिणाम दृष्टिपटलावर झाला आहे. डोळ्याच्या आत अधूनमधून रक्तस्राव होत असल्यामुळे त्यांची दृष्टी दिवसागणिक बदलते. एखाद्या आठवड्यात मोठ्या आकड्यांचे घड्याळ खिडकीपाशी नेऊन वाचता येते, तर पुढच्या आठवड्यात समोर नुसते धुके असते. इन्सुलिन त्या स्वतः घेतात. जेवणाआधी एक प्रकारचे आणि रात्री दहाला दीर्घकाळ काम करणारे दुसरे.

दिसणे कमी झाल्यावर मुलाने त्यांना ब्रेल घड्याळ आणून दिले. या घड्याळाची काच बिजागरीवर असते. बटण दाबले की ती डबीच्या झाकणासारखी उघडते आणि आतले काटे व तबकडीवरचे ठिपके बोटाने वाचता येतात. बाईंच्या घड्याळात बाराला तीन ठिपके होते, तीन, सहा आणि नऊला दोन-दोन, बाकी तासांना एकेक. मुलाने केलेला विचार सरळ होता: आईला दिसत नाही, तर तिने स्पर्शाने वेळ बघावी. बाईंनाही घड्याळ आवडले, कारण ते आवाज करत नव्हते.

अडचण

आमच्या दृष्टी पुनर्वसन केंद्रात त्या आल्या त्या "घड्याळ नादुरुस्त आहे" ही तक्रार घेऊन. पाच-दहा मिनिटांची चूक रोजची झाली होती. वर्ग कधी लवकर सुटायचा, कधी लांबायचा. इथपर्यंत त्यांनी चालवून घेतले होते. केंद्रात येण्याचे खरे कारण एका रात्रीची घटना होती.

त्या रात्री जाग आल्यावर त्यांनी झाकण उघडले आणि काटे चाचपले. दहा वाजून गेलेत असे वाटले. म्हणजे आपल्याला लवकर डोळा लागला आणि दहाचे इन्सुलिन राहिले, असा त्यांनी अर्थ लावला. इन्सुलिनचे पेन हातात घेतलेले असताना मुलाला जाग आली. खरी वेळ होती रात्रीचे एक वाजून पन्नास मिनिटे. दहाचे इन्सुलिन घेऊन झालेले होते. दुसऱ्यांदा घेतले असते तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकली असती.

ही चूक कशी झाली ते नीट समजून घेण्यासारखे आहे. एक पन्नासला तास काटा एकच्या पुढे, जवळजवळ दोनवर असतो आणि मिनिट काटा बरोबर दहाच्या ठिपक्यावर. आता दोन काट्यांची अदलाबदल करा. दहावरचा काटा तासाचा धरला आणि दोनच्या अलीकडचा मिनिटाचा, तर वेळ निघते दहा वाजून नऊ मिनिटे. डोळस माणूस सहसा असे फसत नाही, कारण त्याला लांब काटा आणि आखूड काटा एकाच नजरेत दिसतात. बोटाला ते एकामागून एक कळतात आणि लांबी मनात धरून ठेवावी लागते. पडताळा घ्यायला एक जागा असते: दहा वाजून नऊ मिनिटांनी तास काटा दहाच्या ठिपक्यावरून किंचित पुढे सरकलेला असायला हवा. पण हे सरकणे जेमतेम साडेचार अंशांचे असते. अर्धवट झोपेत, बधिर बोटाला ते कळणार नाही.

शिवाय काटे बरोबर वाचले तरी ते घड्याळ दिवस की रात्र हे सांगत नाही. ज्यांना उजेडाचा भरवसा नाही त्यांच्यासाठी ही मोठी उणीव आहे.

बिघाड घड्याळात की वाचण्यात?

नवे घड्याळ सुचवण्याआधी हा प्रश्न सोडवणे भाग होते. मुलाला सांगितले की रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी घड्याळ आणि फोन शेजारी ठेवून फरक लिहून ठेवा.

साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ ते २० सेकंद चुकते आणि ही चूक बहुधा एकाच दिशेने साठत जाते. सेल संपत आला की घड्याळ मागे पडते, अडखळते, मग थांबते. मुलाच्या नोंदींत मात्र एके दिवशी चार मिनिटे पुढे, दुसऱ्या दिवशी बरोबर, तिसऱ्या दिवशी सात मिनिटे मागे, असे चालले होते. यंत्र असे चुकत नाही. काटे बोटाने ढकलले जात होते.

त्यातही दोन प्रकार असतात आणि ते ओळखता येतात. मिनिट काटा ढकलला गेला की आतली चाके त्याच्याबरोबर फिरतात आणि तास काटाही प्रमाणात सरकतो. वेळ चुकते, पण काट्यांचे आपसातले नाते टिकते. अशा वेळी चावीने वेळ पुन्हा लावली की काम भागते. दुसऱ्या प्रकारात काटा स्वतःच्या नळीवरच घसरतो. मग मिनिट काटा बारावर आणला तरी तास काटा कोणत्याही ठिपक्यावर नीट बसत नाही, दोन ठिपक्यांच्या मधेच राहतो. या घड्याळाला घड्याळजीकडेच न्यावे लागते. बाईंच्या घड्याळात पहिला प्रकार होता, म्हणजे घड्याळ धडधाकट होते.

मग बाई काटे इतक्या जोराने का दाबत होत्या? कारण हलक्या स्पर्शाने त्यांना काही कळतच नव्हते. ब्रेलमधले शेजारचे दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटरवर असतात आणि निरोगी बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोके वेगळी कळतात. मधुमेहात नसांवर परिणाम झाला की ही क्षमता घटते. सुरुवात बहुधा पायांपासून होते आणि हात नंतर. पावलांची बधिरता बाईंनी डॉक्टरांना आधीच सांगितली होती. बोटांबद्दल मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते.

कागदांना लावायची क्लिप उलगडून अशी वाकवली की तिची दोन टोके शेजारी येतील, ती ठरावीक अंतरावर धरली आणि बाईंना डोळे मिटून "एक की दोन?" असे विचारत गेलो. मधेच एकच टोक टेकवायचे, म्हणजे अंदाजाने दिलेली उत्तरे पकडता येतात. डाव्या तर्जनीला सहा मिलिमीटरवरही फरक कळेना. उजव्या तर्जनीला चारवर कळला. दोन हातांत एवढी तफावत कशी, हे त्यांच्या दिनक्रमातून उलगडले. बाई उजव्या हाताने काम करणाऱ्या. साखर तपासताना सुई उजव्या हातात धरून टोचतात डाव्या बोटांना, आणि वर्षानुवर्षे त्याच दोन बोटांना. तिथली कातडी जाड झाली होती. घड्याळ त्या उजव्या मनगटात घालत असल्यामुळे वाचायलाही नेमकी हीच डावी बोटे वापरली जात होती.

फरकाचे सगळेच कारण कातडी असेल असे नाही. मधुमेहात मनगटाशी नस दाबली जाण्याचे प्रमाणही जास्त असते आणि तो त्रास एका हातात अधिक असू शकतो. म्हणून निष्कर्ष लिहून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले.

पर्याय

बाईंची गरज एकच नव्हती, हे आता स्पष्ट झाले. इन्सुलिनसाठी अचूक वेळ हवी, दिवस की रात्र हेही हवे, आणि झोपेतून उठल्यावर, हात थरथरत असतानासुद्धा ती मिळायला हवी. साखर उतरल्यावर काही गोड घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे असते, तिथेही मिनिटांचा हिशेब लागतो. वर्गात याच्या उलट होते. पाच मिनिटे इकडेतिकडे चालतील, पण आवाज अजिबात नको.

मोठ्या आकड्यांचे, ठळक काळ्या-पांढऱ्या तबकडीचे घड्याळ सर्वांत स्वस्त आणि सोपे. दृष्टी स्थिर असलेल्या माणसाला मी आधी तेच सुचवते. बाईंची दृष्टी दर आठवड्याला बदलत असल्यामुळे ते बाद झाले.

कंपाने वेळ सांगणाऱ्या घड्याळात लांब आणि आखूड ठोके मोजायचे असतात. बाईंना मनगटावरचा कंप कळत होता, पण मोजताना लक्ष चुकले की पहिल्यापासून सुरुवात. गाणे ऐकत ठोके मोजणे त्यांना जमेना. स्मार्टवॉचमध्ये बोलून आणि कंपाने, दोन्ही प्रकारे वेळ मिळते, पण ते वारंवार चार्ज करावे लागते. इन्सुलिन ज्या घड्याळावर अवलंबून आहे ते रात्री चार्जरवर पडलेले नको, असे बाईंनीच सांगितले. मला ते पटले.

एका नातेवाइकाने रेडिओ संकेतावरून आपोआप जुळणारे बोलणारे घड्याळ पाठवायची तयारी दाखवली होती. कल्पना चांगली आहे, पण ही घड्याळे ठरावीक प्रक्षेपकांवर अवलंबून असतात, उदाहरणार्थ जर्मनीतल्या डीसीएफ७७ वर. त्याची पोच साधारण दोन हजार किलोमीटरपर्यंत. त्यापलीकडे ते साधे क्वार्ट्झ घड्याळच उरते, आणि काही मॉडेलांत वेळ हाताने लावणे किचकट असते. बाई राहतात तिथे असा संकेत पोहोचत नाही. त्यांनी नम्रपणे नकार कळवला.

उरले दोन पर्याय. एक, साधे बोलणारे घड्याळ. दुसरे, पोलादी गोळ्यांचे स्पर्शाचे घड्याळ. यातले 'ब्रॅडली' हे घड्याळ २०१३ मध्ये आले. त्याचे नाव अफगाणिस्तानात दृष्टी गमावलेला आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलेला अमेरिकी नौदल अधिकारी ब्रॅडली स्नायडर याच्यावरून ठेवले आहे. त्यात काटे नाहीत. समोरच्या खाचेतली गोळी मिनिटे दाखवते आणि कडेच्या खाचेतली गोळी तास. दोन्ही गोळ्या आतल्या फिरत्या चुंबकांनी ओढून धरलेल्या असतात. बोटाने गोळी ढकलली गेली तरी आतला चुंबक जागचा हलत नाही. मनगट हलके हलवले की गोळी पुन्हा जागेवर येते. बाईंची दुखरी जागा नेमकी हीच होती: त्या जोराने दाबणार, हे गृहीत धरूनच घड्याळ निवडायला हवे होते. शिवाय तास कडेला आणि मिनिटे समोर असल्यामुळे त्यांची अदलाबदल होत नाही.

बोलणारे घड्याळ पारखताना

दुसऱ्या एका बाबतीत बराच वेळ गेला, आणि तो योग्य ठिकाणी गेला. बोलणारी घड्याळे वरवर सारखी दिसतात. फरक वापरताना कळतो.

काट्यांची बोलणारी घड्याळे दिसायला छान, पण अनेक मॉडेलांत काटे आणि आवाज यांची यंत्रे स्वतंत्र असतात. कधी सेलही दोन असतात. दोन्हींची वेळ वेगवेगळी लावावी लागते आणि कालांतराने दोघांत फरक पडतो. घरातले काटे बघतात, बाई आवाज ऐकतात, आणि बरोबर कोण यावर वाद होतो. त्यामुळे काटे नसलेलेच घड्याळ निवडायचे ठरले.

मग आवाज. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात आणि शब्दांच्या शेवटची व्यंजने निसटतात. मिळालेली घड्याळे इंग्रजीत बोलणारी होती. त्यात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक शेवटच्या 'न'वर टिकलेला असतो. म्हणून प्रत्येक घड्याळात आधी एक पंधरा आणि मग एक पन्नास अशी वेळ लावून, बाईंना न सांगता, दोन्ही ऐकवले. पंखा चालू ठेवून, आणि हात पांघरुणाखाली ठेवूनही. एका घड्याळाचा आवाज सगळ्यांत मोठा होता, पण बाईंनी दोनदा पंधराला पन्नास म्हटले. निवडलेल्या घड्याळाचा आवाज त्याहून लहान आणि खर्जातला होता, आणि त्यांनी एकदाही गल्लत केली नाही. कान तयार असलेल्या गायिकेचे हे मत होते, म्हणून मी त्याला अधिक वजन दिले.

बटणांचीही अशीच परीक्षा घेतली. वेळ सांगणारे बटण मोठे, एकटे आणि उंच हवे. वेळ लावायची बटणे खोलगट हवीत, नाहीतर झोपेत मनगट दाबले जाऊन वेळ बदलण्याची शक्यता राहते. वेळ लावताना प्रत्येक पायरी घड्याळाने बोलून दाखवली पाहिजे, आणि 'एएम' किंवा 'पीएम' प्रत्येक वेळी उच्चारले पाहिजे. तासातासाला आपोआप बोलण्याची सोय बंद करता येते की नाही, हेही बाईंनी स्वतःच्या हाताने करून पाहिले.

शेवटी सेल. बोलण्यासाठी एकदम जास्त प्रवाह लागतो, म्हणून सेल उतरू लागला की तो आधी आवाजात कळतो. आवाज बारीक होतो, खरखरतो किंवा वाक्य मधेच तुटते. दुकानात बटण लागोपाठ दाबून पाहावे. आवाज दर वेळी खालावत गेला तर आतला सेल जुना आहे. याहून धोक्याची गोष्ट अशी की, काही घड्याळांत बोलताना सेलचा विद्युतदाब फार खाली गेला की वेळ बारापासून पुन्हा सुरू होते. नंतर ते घड्याळ चुकीची वेळ अगदी स्पष्ट आवाजात सांगते. ठप्प पडलेल्या घड्याळापेक्षा हे वाईट, कारण संशय येत नाही.

काय ठरले, काय केले

बाईंना दोन घड्याळे हवीत, हा निर्णय सोपा नव्हता. एकाच घड्याळात सगळे बसवावे असे मुलाला वाटत होते. पण इन्सुलिनसाठी स्पर्शावर आणि वर्गासाठी आवाजावर विसंबणे, दोन्ही चूक ठरले असते. बोलणारे घड्याळ रोजच्या वापरासाठी आणि झोपताना मनगटावर, गोळ्यांचे फक्त वर्गात, अशी वाटणी झाली.

दोन्ही घड्याळे आता डाव्या मनगटात, म्हणजे बटण दाबायला आणि गोळी चाचपायला उजवा हात. साखर तपासताना बोटे आलटूनपालटून आणि टोकाऐवजी कडेला टोचायची, हे त्यांच्या परिचारिकेने पुन्हा दाखवले. बकल बधिर बोटांना जड जात होते, म्हणून बोलणाऱ्या घड्याळाला ताणला जाणारा पट्टा लावला. चुंबकी पट्टाही चालला असता, कारण त्यात काटे नाहीत. काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळाला मात्र तो लावू नये, चुंबकाजवळ त्याची मोटर अडखळते.

गोळ्यांचे घड्याळ वाचायचा क्रम ठरवून दिला: आधी मनगट हलवायचे, मग बाराची त्रिकोणी खूण शोधायची, मग कडेची गोळी, शेवटी समोरची. पहिली पायरी गाळली तर निसटलेल्या गोळीची वेळ वाचली जाते. दर रविवारी फोनशी वेळ पडताळायची, आणि आवाजात जराही बदल वाटला तर त्याच दिवशी सेल बदलायचा. सेल बदलल्यावर वेळ आणि 'एएम-पीएम' दोन्ही पुन्हा लावावे लागतात. हे काम बाई स्वतः करतात, मुलगा फक्त झाकण उघडून देतो.

एक गोष्ट घड्याळाबाहेरची. इन्सुलिन घेतले की नाही याचा निकाल घड्याळावर सोडायचा नाही, असे ठरले. रात्रीचे पेन घेऊन झाले की ते पलंगाच्या दुसऱ्या बाजूच्या डबीत जाते. डबी भरलेली असेल तर त्या दिवशीचे इन्सुलिन झालेले असते, वेळ काहीही असो. संध्याकाळी पेन परत जागेवर.

परिणाम

तीन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा रात्रीच्या वेळेबद्दल एकही गोंधळ झालेला नव्हता. वर्ग वेळेवर सुटत होते. "मुलांना कळतही नाही मी वेळ कधी बघते," असे बाईंनी सांगितले. गोळ्यांच्या घड्याळावर त्यांना दोन-तीन मिनिटांपर्यंतचा अंदाज येतो, त्याहून बारीक नाही. वर्गासाठी तेवढे पुरते.

उणिवाही राहिल्या. बोलणाऱ्या घड्याळाला आवाजासाठी छिद्रे असल्याने हात धुताना ते काढून ठेवावे लागते, आणि दोनदा ते बेसिनपाशी विसरले गेले. तो नियम बदलून आता हात धुण्याआधी घड्याळ खिशात जाते.

वेगळे काय करता आले असते

पहिले घड्याळ घेण्याआधी बोटांची तपासणी झाली असती, तर ब्रेल घड्याळ आलेच नसते. ज्यांना मधुमेह आहे, केमोथेरपी झाली आहे किंवा हाताला मुंग्या येतात, त्यांच्यासाठी क्लिपची ही तपासणी दुकानात जाण्याआधीची पायरी असावी. तिला फारसा वेळ लागत नाही.

ब्रेल घड्याळ वाईट नाही, हेही नोंदवले पाहिजे. संवेदना शाबूत असलेल्या, हलक्या हाताने वाचणाऱ्या माणसाला ते वेळ जवळजवळ मिनिटापर्यंत सांगते. त्यांनीही ते शांतपणे, पूर्ण जागेपणी, अशा वेळांवर वाचून पाहावे जिथे काट्यांची अदलाबदल शक्य आहे: एक पन्नास, तीन चाळीस, सात दहा. दुकानात घड्याळ बहुतेक दहा दहाच्या आसपास लावलेले असते आणि ती वेळ आधीच ठाऊक असल्यामुळे ती वाचून काहीच सिद्ध होत नाही.

रात्रीच्या घटनेनंतर केंद्रात येईपर्यंत मधे काही आठवडे गेले. त्या काळात बाई तेच घड्याळ वापरत होत्या. डबीची युक्ती त्या पहिल्याच दिवशी फोनवर सांगता आली असती, तिला कोणतेच घड्याळ लागत नाही.

बोटांची तपासणी आता दर सहा महिन्यांनी करायची आहे. उजव्या तर्जनीला क्लिपची टोके आठ मिलिमीटरवरही वेगळी कळेनाशी झाली, तर गोळ्यांचे घड्याळही पुरणार नाही. तेव्हा वर्गासाठी ठराविक मिनिटांनी एकदाच थरथरणारा साधा टायमर खिशात ठेवायचा, हे बाईंशी बोलून ठेवले आहे. त्यात मोजायचे काही नसते, म्हणून तो त्यांना चालेल.